हे कुठल्या फळीवर ठेवू?



निमंत्रणपत्रिकेवर विषय बराच भारदस्त छापला आहे. मी तो एका प्रश्नावर आणून ठेवतो, आणि तो प्रश्न माझा नाही, किराणा दुकानदाराचा आहे. कधीच न पाहिलेला माल घेऊन तुम्ही त्याच्यापुढे उभे राहिलात की तो दर्जा विचारत नाही, तुमचं ध्येयही विचारत नाही. पाकीट हातात उलटंसुलटं करत तो एवढंच विचारतो, "हे कुठल्या फळीवर ठेवू?"

साबणाच्या फळीवर? मसाल्याच्या? औषधाच्या? ज्याला याचं उत्तर एका दमात देता येतं त्याचा माल फळीवर चढतो. ज्याला पाच मिनिटं समजावून सांगावं लागतं त्याचा माल गल्ल्याशेजारी धूळ खातो, कारण दुकानदाराला सांगायला पाच मिनिटं लागली, तर गिऱ्हाइकाला सांगायला पाच मिनिटं कोणाकडे आहेत?

पण माल खरोखरच नवा असेल तर? त्याची फळीच अजून बांधलेली नसेल तर? आजचं व्याख्यान या अडचणीबद्दल आहे. त्यासाठी मी एक मराठी घराणं निवडलं आहे. त्यांनी ही फळी स्वतः बांधली, तिला नाव दिलं आणि त्या नावापायी जवळजवळ पाव शतक सरकारशी कोर्टात झुंज दिली.

केशव विष्णु पेंढरकर. 1952 साली मुंबईत परळला त्यांनी आपला धंदा सुरू केला. वडिलांच्या नावावरून कंपनीचं नाव पडलं विष्णु इंडस्ट्रियल केमिकल कंपनी, आणि इंग्रजी आद्याक्षरं जोडून झालं विको. पहिला माल होता दात घासायची पावडर, वज्रदंती.

त्या काळी मराठी घरात दात कशाने घासत? कोणी राखुंडीने, कोणी कडुनिंबाच्या काडीने, कोणी मिठाने. शहरातल्या नोकरदारांच्या घरात ट्यूबमधली पेस्ट येऊ लागली होती. म्हणजे एका बाजूला परंपरा होती, ती फुकट आणि घरची. दुसऱ्या बाजूला पेस्ट होती, ती विकतची आणि साहेबी. पेंढरकरांनी मधली जागा हेरली, विकत मिळणारं आणि स्वच्छ डबीतलं, पण आतलं सगळं आपल्या ओळखीचं. बाभूळ, जांभूळ, लवंग, दालचिनी, मंजिष्ठा.

आता नाव पाहा. वज्रदंती हे एका झुडपाचंही नाव आहे. आपण ज्याला कोरांटी म्हणतो तेच ते, आणि दातांच्या तक्रारींवर ते जुन्या काळापासून वापरतात. पण ज्याला झाडपाल्याची काही माहिती नाही त्यालाही नुसत्या नावातून दात ऐकू येतात आणि वज्र ऐकू येतं. मराठीत, हिंदीत, गुजरातीत, कन्नडमध्ये सगळीकडे. एवढी भाषांतरं वाचवणारं नाव मिळणं ही निम्मी विक्री आहे. उरलेली निम्मी मात्र दारोदार फिरून करावी लागली, तिथे नावाने काही सोपं केलं नाही.

माझा पहिला मुद्दा इथे येतो. विको वज्रदंती या नावाचे दोन तुकडे करा. वज्रदंती हा तुकडा लोकांना आधीपासून कळतो. विको हा तुकडा कोणालाच कळत नव्हता, तो पूर्वी कुठेच नव्हता. एका तुकड्याचं काम समजावणं, दुसऱ्याचं काम आपलं असणं. नव्या मालाच्या नावात हे दोन्ही लागतात, आणि बहुतेक नवे उद्योजक एकावरच भागवतात. एक तर असं नाव ठेवतात की कोणालाच काही कळत नाही, किंवा असं ठेवतात की सगळ्यांना कळतं आणि म्हणूनच उद्या शेजारीही तेच छापतो.

शेजारी तेच छापतो तेव्हा काय होतं, याचं एक उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलंच आहे. मुंबईच्या मॅरिको कंपनीचं सफोला तेल तुम्हाला ठाऊक आहे. तळताना पदार्थ तेल कमी शोषतो, असा त्यांचा दावा होता. त्यासाठी त्यांनी लोसॉर्ब असा शब्द घडवला आणि तो ट्रेडमार्क म्हणून नोंदवला. लो म्हणजे कमी आणि ॲब्सॉर्ब म्हणजे शोषणं, दोन्ही जोडून लोसॉर्ब. हुशारीचं काम. पुढे दुसऱ्या एका तेल कंपनीने आपल्या पिशवीवर लो ॲब्सॉर्ब टेक्नॉलॉजी असे शब्द छापले. मॅरिको कोर्टात गेली. 2010 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मॅरिकोला मनाई हुकूम द्यायला नकार दिला. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं की, तेल कमी शोषलं जातं हे मालाचं वर्णन आहे, आणि वर्णनाचे साधे शब्द एकट्याच्या मालकीचे करता येत नाहीत. वर्णनाच्या शब्दाचं स्पेलिंग थोडं फिरवलं म्हणून तो तुमचा होत नाही.

1999 च्या ट्रेडमार्क कायद्याचं कलम 9 हेच सांगतं. मालाचा प्रकार, गुण, उपयोग, ठिकाण दाखवणारं निव्वळ वर्णन सहसा नोंदवता येत नाही. काहींना यात अन्याय वाटतो. मला वाटत नाही. उद्या कोणी कांदा हा शब्द स्वतःच्या नावावर करून घेतला, तर नांदगावच्या शेतकऱ्याने पाटीवर काय लिहायचं?

म्हणून कळणारं नाव सगळ्यांचं, आणि आपलं नाव सुरुवातीला कोणालाच न कळणारं. या दोघांची गाठ इतकी घट्ट बांधायची की एक उच्चारलं की दुसरं आठवावं. ही गाठ बसायला वर्षं लागतात.

आता 1975 कडे या. हे साल मुद्दाम सांगतो, कारण भारतातल्या क्रीमच्या बाजारात त्या एकाच वर्षी दोन नव्या फळ्या बांधायला घेतल्या गेल्या. हिंदुस्थान लिव्हरने फेअर अँड लव्हली आणलं, आणि पेंढरकरांनी विको टर्मरिक. त्याआधी बाजारात स्नो होते, कोल्ड क्रीम होते, मुंबईचं जुनं अफगाण स्नो होतं. पण गोरेपणाचं क्रीम म्हणून वेगळी फळी नव्हती, आणि आयुर्वेदिक क्रीम म्हणूनही नव्हती.

लिव्हरने नाव दिलं ते फायद्यावरून. लावा आणि गोरे व्हा, समजावून सांगायला काही उरलंच नाही. विकोने नाव दिलं ते घटकावरून, हळद. आणि हळदीत काय काय असतं हे भारतातल्या बाईला कंपनीने शिकवायची गरज नव्हती. नवरीला हळद लागते, बाळाला लागते, जखमेवर लागते. कंपनीने लग्नघरातली हळदच जाहिरातीत आणली. गंमत म्हणजे ट्यूबवर शब्द होता इंग्रजी. मग हळद कळली कशी? ट्यूबच्या पिवळ्या रंगाने कळली. वाचता न येणाऱ्यालाही तो रंग वाचता येत होता.

पण तोच रंग अडचणही होता. पिवळं क्रीम चेहऱ्याला लावलं तर चेहरा पिवळा दिसेल, ही शंका पहिल्याच दिवशी येणार. ओळखीचा घटक नावात घातला की त्याचे ओळखीचे दोषही नावाबरोबर येतात. हळद म्हटलं की गुण आठवतो तसा डागही आठवतो. ही शंका जाहिरातीने जात नाही, समोर लावून दाखवल्यावर जाते. नाव ठरवताना हा खर्च कोणी धरत नाही. तुम्ही धरा.

दोन्ही नावांचं पुढे काय झालं? फायद्यावरून ठेवलेलं नाव झपाट्याने वाढलं, प्रचंड वाढलं. मग समाज बदलला, गोरेपणा हाच फायदा कसा, असा प्रश्न लोक विचारू लागले, आणि 2020 मध्ये कंपनीला नावातला फेअर काढून तिथे ग्लो घालावा लागला. घटकावरून ठेवलेल्या नावाला ही पाळी आली नाही. त्याचा तोटा वेगळा. हळद कोणीही घालू शकतो, आणि नंतर अनेकांनी घातली. दोन्हींत कोणतं बरं? मला विचाराल तर छोट्या उद्योगाने घटकाचं नाव घ्यावं. फायद्याचं नाव सिद्ध करत राहावं लागतं, त्यासाठी मोठी थैली लागते.

विकोने एक तिसरी गोष्टही केली. आपण काय नाही, हे सांगितलं. जाहिरातीच्या गाण्यातूनच बजावलं की हे कॉस्मेटिक नव्हे. अमेरिकेत 1967 च्या सुमारास सेव्हन अपनेही स्वतःची ओळख अशीच करून दिली होती, आम्ही कोला नाही म्हणून. नवी फळी बांधताना हा जुना उपाय आहे. लोकांना जे माहीत आहे त्याच्या शेजारी उभं राहायचं आणि म्हणायचं, मी तो नव्हे. पण थांबा, विकोच्या या नकारामागे नुसती जाहिरात नव्हती. त्यामागे सरकारचं उत्पादनशुल्क खातं होतं.

इथे जरा रेंगाळतो, कारण हा भाग फारसा कोणी सांगत नाही. त्या वेळी प्रसाधनांवर जबर उत्पादनशुल्क होतं. सरकारच्या लेखी लाली, पावडर, स्नो म्हणजे चैन. आयुर्वेदिक औषधावरचा बोजा त्या मानाने अगदी हलका. खातं म्हणालं, ट्यूबमधून येतं, बायका चेहऱ्याला लावतात, दुकानात क्रीमशेजारी मिळतं, म्हणजे हे प्रसाधन. आणि वज्रदंती म्हणजे दात घासायचं रोजचं साधनच. कंपनी म्हणाली, आमच्याकडे आयुर्वेदिक औषधाचा परवाना आहे, घटक ग्रंथांत सांगितलेले आहेत, म्हणून हे औषध.

म्हणजे पाहा, दुकानदाराचा प्रश्न आता सरकारने विचारला. हे कुठल्या फळीवर ठेवू?

औषधाची ही फळी कायद्यातही तशी नवीच होती. 1940 च्या औषधे व प्रसाधने कायद्यात आयुर्वेदिक औषधांचं स्वतंत्र प्रकरण आलं ते 1964 च्या दुरुस्तीने. त्यात ग्रंथांची यादी आहे. त्या ग्रंथांतलाच पाठ जसाच्या तसा बनवलात तर ते शास्त्रोक्त औषध. घटक ग्रंथांतले पण मिश्रण तुमचं स्वतःचं असेल तर तेही आयुर्वेदिक, पण त्याचा वर्ग पेटंट किंवा प्रोप्रायटरी औषधाचा. विकोसारखा माल या दुसऱ्या दारातून येतो. चरकाने ट्यूब पाहिली नव्हती हे उघड आहे, पण ट्यूबमध्ये काय आहे ते त्याच्या ओळखीचं आहे.

खटला सत्तरच्या दशकाच्या अखेरीस सुरू झाला. खालच्या न्यायालयात कंपनीच्या बाजूने निकाल लागला, मुंबई उच्च न्यायालयाने तो उचलून धरला. संपलं असं वाटतं ना? पण 1985 चा नवा शुल्क कायदा आला, कोष्टकं बदलली आणि खात्याने त्याच मालावर पुन्हा नोटिसा काढल्या. पुन्हा पहिल्यापासून. शेवटी सर्वोच्च न्यायालयातही विको जिंकली. माल बदललेला नव्हता, आधीचे निर्णय कंपनीच्या बाजूचे होते, आणि माल प्रसाधनाच्या वर्गात बसतो हे सिद्ध करण्याची जबाबदारी खात्यावर होती. ती त्याला पेलली नाही.

पण सगळ्यांना असं जमलं नाही. बैद्यनाथच्या लाल दंतमंजनाचा खटला आपल्या नागपूरच्या उत्पादनशुल्क आयुक्तालयातला. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मंजनाला औषध मानायला नकार दिला. न्यायालयाने विचारलं ते साधारण असं की, सामान्य माणूस याला काय समजतो? दात दुखला म्हणून वैद्याने लिहून दिलं तर तो हे घेतो, की रोज सकाळी उठल्यावर सवयीने घासतो? सवयीने घासतो, तर ते रोजच्या स्वच्छतेचं साधन. ग्रंथातले घटक असणं पुरेसं नाही.

या कसोटीला वकील लोक बोलीभाषेची कसोटी म्हणतात. मला ती फार आवडते. मोठमोठे न्यायमूर्ती शेवटी किराणा दुकानदाराच्याच जागी जाऊन बसतात. पुस्तकात काय लिहिलंय ते बाजूला ठेवा, बाजारात लोक याला काय म्हणतात ते सांगा.

अगदी ताजं उदाहरण देतो. खोबरेल तेलाची छोटी बाटली हे खाद्यतेल की केसांचं तेल, हा वाद वर्षानुवर्षं चालला. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं त्यावर एकमत झालं नाही. डिसेंबर 2024 मध्ये तीन न्यायमूर्तींनी निकाल दिला. बाटली लहान आहे एवढ्यावरून शुद्ध खोबरेल केसांचं तेल होत नाही. वेष्टणावर आणि लेबलवर केसांचं तेल म्हणून दाखवलं असेल तर होतं. म्हणजे तुम्ही स्वतःच्या हाताने लेबलवर काय छापता, त्यावर कराचा दर ठरतो. आपल्या घरात एकच निळी बाटली देवघरात, स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात फिरते हा भाग वेगळा.

आता इथल्या मातीवर येतो. समोर बचत गटाच्या बऱ्याच भगिनी बसल्या आहेत. या नांदगाव तालुक्यात कांदा आहे, खानदेश शेजारी आहे, आणि काळ्या मसाल्याची भाजी आपल्याकडे रविवारची गोष्ट नाही, रोजची आहे. तिच्यासाठी कांदा आणि सुकं खोबरं भाजून वाटण करावं लागतं. समजा एका गटाने ते भाजून, सुकवून, दळून पाकिटात भरलं, पाणी घातलं की तयार. नाव काय ठेवाल?

सगळ्यांत आधी सुचेल कांदा पावडर. खरं आहे, कळतंही. पण हिशेब करा. दहा किलो ओला कांदा सुकवला की साधारण एक किलो उरतो, कारण कांद्यात पाणीच फार. कांदा वीस रुपये किलो धरला तर एका किलोच्या सुक्या मालात दोनशे रुपयांचा नुसता कांदाच गेला. जळण, मजुरी, पाकीट वेगळंच. गिऱ्हाईक मात्र कांदा हा शब्द वाचून मनात वीस रुपये म्हणतं, आणि तुमच्या किमतीला लूट म्हणतं. मालाचा वर्ग ठरला की त्याची तुलना कशाशी होणार तेही ठरतं. लोक किंमत एकटी पाहत नाहीत, शेजारच्या वस्तूच्या किमतीजवळ ठेवून पाहतात.

तेच वाटण म्हणा. आता तुलना कशाशी होते? कांदा चिरण्याशी, खोबरं भाजण्याशी, मिक्सर धुण्याशी आणि संध्याकाळच्या अर्ध्या तासाशी. शेजारी मसाल्याचं पाकीट येतं, कांद्याची पाटी येत नाही.

पण वाटण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ओला गोळा येतो. पाकीट फोडल्यावर पूड निघाली तर बाई फसल्यासारखी होते. म्हणून सुकं वाटण. दोन साधे शब्द, पहिला सांगतो काय वेगळं आहे, दुसरा सांगतो कशाच्या जागी वापरायचं. नव्या वर्गाचं नाव बहुधा असंच घडतं. आपल्या शेजारच्या येवल्यात सेमी पैठणी म्हणतात, त्यातही हेच आहे. सेमी ऐकताच गिऱ्हाइकाला कळतं की ही हातमागाची खरी नव्हे, किंमत कमी आणि तक्रारही कमी.

हे नाव बरोबर आहे का, हे घरच्यांना विचारू नका. घरचे छानच म्हणतील. बाजारपेठेतल्या अनोळखी दुकानदाराला नुसतं पाकीट द्या, तोंड बंद ठेवा आणि तो ते कशाशेजारी ठेवतो ते पाहा. मसाल्यांत ठेवलं तर जिंकलात. नूडल्स आणि सूपच्या पाकिटांत ठेवलं तर चित्र चुकलंय. मग दोनचार गिऱ्हाइकांना विचारा, याची भाजी कशी कराल? बरोबर सांगितलं तर नाव चालतं. याचं काय करायचं असतं हो, असा उलटा प्रश्न आला, तर नाव पडलं. आणि सुक्या खोबऱ्याला काही आठवड्यांत खवट वास येऊ लागतो, हेही लक्षात असू द्या. पहिलंच पाकीट खवट निघालं तर सुकं वाटण म्हणजे खवट वाटण, अशी गाठ बसते, आणि मग ती फळी तुमच्यासकट सगळ्यांसाठी मोडते. नवी फळी बांधणाऱ्यावर ही जास्तीची जबाबदारी असते.

सुकं वाटण हे नाव तुमच्या मालकीचं होणार नाही. व्हायलाही नको. दुसऱ्या गावच्या गटांनी तेच छापलं तर खुशाल छापू द्या, एकट्या पाकिटासाठी कोणी फळी राखून ठेवत नाही. तुमचं असेल ते त्याच्या आधी येणारं नाव, गटाचं, घडवलेलं, कोणत्याही शब्दकोशात नसलेलं. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या लेबल नियमांनुसार पाकिटाच्या दर्शनी भागावर पदार्थाचं खरं स्वरूप सांगणारं नाव लागतंच, आणि आवश्यक मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावा लागतो. मराठी त्याशिवाय हवी तेवढी छापा. म्हणजे मराठीत वाटण आणि खाली सुकवलेल्या कांदा-खोबऱ्याचं मिश्रण असा खुलासा, दोन्ही येऊ द्या.

शेवटचं एक व्यवहाराचं. ट्रेडमार्कच्या अर्जातही फळी विचारतात. सुकवलेल्या भाज्या वर्ग 29 मध्ये येतात, मसाले वर्ग 30 मध्ये. उद्यम नोंदणी असलेल्या लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाला दर वर्गामागे साडेचार हजार रुपये शुल्क आहे. आपला माल कोणत्या वर्गात बसतो हे तज्ज्ञाला विचारून ठरवा, शंका असेल तर दोन्हींत अर्ज करा. आणि नावाचा शोध घेऊन अर्ज दाखल केल्याशिवाय पाच हजार पाकिटं छापायला टाकू नका.